सीआयए त्रयी आणि सुरक्षा-नियंत्रणांची निवड : पदविकेच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीआयए त्रयी म्हणजे काय?

माहितीच्या बाबतीत आपल्याला तीन गोष्टी टिकवायच्या असतात. ज्यांना ती पाहण्याचा अधिकार नाही त्यांच्यापासून ती दूर राहिली पाहिजे, ही गोपनीयता. ती कोणी चुकून किंवा मुद्दाम बदललेली नसली पाहिजे, ही अखंडता. आणि अधिकार असलेल्या माणसाला हवी तेव्हा ती मिळाली पाहिजे, ही उपलब्धता. कॉन्फिडेन्शिॲलिटी, इंटिग्रिटी आणि अव्हेलेबिलिटी या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘सीआयए’ हे नाव पडले. त्याच आद्याक्षरांच्या गुप्तहेर संस्थेशी त्याचा संबंध नाही.

ही विभागणी बरीच जुनी आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिताना धोक्यांचे तीन प्रकार मांडले होते : अधिकार नसताना माहिती बाहेर पडणे, अधिकार नसताना ती बदलली जाणे आणि अधिकार असलेल्याला तिचा वापर करू न देणे. माझ्या मते त्रयी समजून घेण्याची ही उलट बाजूची मांडणी अधिक सोपी आहे, कारण नियंत्रण, म्हणजे संरक्षणाचा उपाय, निवडताना आपण नेहमी ‘काय बिघडू शकते’ येथूनच सुरुवात करतो.

सुरक्षेसाठी फायरवॉल, अँटिव्हायरस, पासवर्ड असे सगळेच बसवले तर चालणार नाही का? त्रयीची गरजच काय?

तीन साध्या वस्तूंचा विचार करा. तुमची खाजगी डायरी दुसऱ्याने वाचली तर नुकसान होते; तिच्यातील एखादे अक्षर बदलले किंवा ती दोन दिवस सापडली नाही, तर फारसे बिघडत नाही. औषधाच्या बाटलीवरील मात्रा सगळ्या जगाने वाचली तरी चालते, पण ‘अर्धी गोळी’चे ‘पाच गोळ्या’ झाले तर जीव जाऊ शकतो. आग विझवण्याचे नळकांडे कोठे आहे हे गुपित नसते. मात्र आग लागली त्या क्षणी ते हाताशी नसेल, तर असून नसल्यासारखेच. पहिल्या वस्तूला कुलूप हवे, दुसरीला खाडाखोड लपणार नाही असे छापील लेबल हवे आणि तिसरीला तर कुलूप लावताच कामा नये.

म्हणजे एकाच्या दृष्टीने जो उपाय योग्य, तोच दुसऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी किंवा घातक ठरतो. उपायांची यादी हातात घेऊन सुरुवात केली तर हे लक्षातच येत नाही. म्हणून आधी या माहितीचे तिन्हींपैकी काय गेले तर किती नुकसान होईल, हे विचारायचे असते आणि त्या उत्तरावरून नियंत्रण ठरवायचे असते.

पुढच्या सर्व प्रश्नांसाठी आपण एकच उदाहरण धरून चालू. एका विभागात अंतर्गत गुणांची `marks.csv` ही फाइल आहे. प्रत्येक विषयाचे गुण २५ पैकी आहेत. दोन शिक्षक त्यात गुण भरतात, एक लिपिक त्यावरून अंतिम तक्ता तयार करतो आणि ठरलेल्या दिवशी तो परीक्षा विभागाकडे जातो.

कोणता गुणधर्म किती महत्त्वाचा, हे कसे ठरवायचे?

अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने २००४ साली फिप्स १९९ नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात यासाठी एक साधी रीत दिली आहे. तिन्ही गुणधर्म वेगवेगळे घ्यायचे आणि प्रत्येकाबद्दल, तो गमावल्यास होणारा परिणाम कमी, मध्यम की मोठा, हे लिहायचे. आपल्या फाइलसाठी ते असे दिसेल, त्यात `SC` म्हणजे सुरक्षा-वर्ग :

```
SC marks.csv = {(confidentiality, MODERATE),
                (integrity, HIGH),
                (availability, LOW)}
```

प्रत्येक शब्दामागे कारण असले पाहिजे. गुण वेळेआधी फुटले तर विद्यार्थ्यांचा संकोच होईल, तक्रारी होतील, परंतु ते गुण शेवटी जाहीरच होणार आहेत. म्हणून गोपनीयता मध्यम. गुण चुकीचे नोंदले गेले तर उत्तीर्ण विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरू शकतो आणि ही चूक गुणपत्रिका छापल्यावर उघड झाली तर ती निस्तरणे अवघड होते. म्हणून अखंडता मोठी. फाइल एखाद्या मंगळवारी चार तास उघडली नाही तर शिक्षक बुधवारी गुण भरतील. म्हणून उपलब्धता कमी.

येथे बहुतेक विद्यार्थी एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वेळ. तक्ता पाठवण्याचा शेवटचा दिवस उजाडला की याच फाइलची उपलब्धता ‘कमी’वरून थेट ‘मोठी’ होते, आणि निकाल जाहीर झाला की गोपनीयतेचे वजन बरेच उतरते. मूल्यांकन एकदा करून कपाटात ठेवायचे नसते. त्या माहितीच्या आयुष्यातील टप्प्यांप्रमाणे ते बदलते.

याच्या पुढची पायरी २००६ सालच्या फिप्स २०० या मानकात आहे. तेथे तिन्हींपैकी जी पातळी सर्वांत वरची असेल तीच संपूर्ण यंत्रणेची पातळी धरली जाते. सुरुवात म्हणून हे ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या फाइलची एकूण पातळी ‘मोठी’ निघते याचा अर्थ उपलब्धतेसाठीही महागडी दुहेरी यंत्रणा उभारावी असा नाही. कष्ट कोठे घालायचे हे तीन वेगळ्या नोंदीच सांगतात.

गोपनीयतेसाठी कोणते नियंत्रण निवडायचे?

सर्वप्रथम फाइल पाहण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे ते कागदावर लिहून काढायचे. आपल्या उदाहरणात ही तीनच माणसे आहेत. त्यानंतर प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यायचे आणि फोल्डरची परवानगी त्या तिघांपुरती ठेवायची. एकच सामाईक पासवर्ड तिघांनी वापरणे सोयीचे वाटते, पण मग फाइल कोणी उघडली हे लॉगमध्ये कधीच समजत नाही आणि एक जण बदलून गेला की पासवर्ड सर्वांसाठी बदलावा लागतो.

एनक्रिप्शनची गरज नेमकी कोठे लागते, याबद्दल बराच गोंधळ असतो. संगणक चालू असून शिक्षक त्यात शिरलेले असताना डिस्कचे एनक्रिप्शन काहीच लपवत नाही, कारण फाइल त्या वेळी उलगडलेलीच असते. ते उपयोगी पडते तेव्हा, जेव्हा बंद लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह हरवतो. त्यामुळे फाइल खोलीबाहेर जातच नसेल तर परवानग्या नीट लावणे हे पहिले काम, आणि ती पेनड्राइव्हवरून ने-आण होत असेल तर एनक्रिप्शन अनिवार्य, असा निर्णय करावा लागतो.

अखंडता बिघडते म्हणजे कोणी तरी हॅक केलेच पाहिजे का?

नाही, आणि हाच या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मी शिकवत होतो त्या एका ठिकाणी गुणांच्या तक्त्यात घडलेला प्रकार सांगतो. कोणीही आत शिरले नव्हते, पासवर्ड फुटला नव्हता. सर्वाधिक गुण किती आहेत हे पाहण्यासाठी एकाने फक्त गुणांचा स्तंभ निवडला आणि तो क्रमाने लावला. स्प्रेडशीटने इशाऱ्याची चौकट दाखवली होती. तीत `Expand the selection` ऐवजी `Continue with the current selection` निवडले गेले. गुण हलले, आसनक्रमांक जागेवरच राहिले. फाइल जतन झाली. ती तक्ता म्हणून पुढेही गेली असती. एका शिक्षिकेला आपल्या हुशार विद्यार्थ्याच्या नावापुढचा आकडा खटकला म्हणून फाइल तेथेच थांबली.

चार ओळींवर हे पाहू. मूळ फाइल अशी होती :

```
101,18
102,24
103,11
104,21
```

चुकीच्या क्रमवारीनंतर ती अशी झाली :

```
101,11
102,18
103,21
104,24
```

आता तपासणी करा. गुणांची बेरीज आधी ७४ होती, नंतरही ७४ आहे. सरासरी १८.५ होती, तीही तशीच आहे. सर्वांत जास्त गुण २४, सर्वांत कमी ११, एकूण ओळी चार. काहीच बदललेले नाही. तरीही १०३ क्रमांकाच्या विद्यार्थ्याला दहा गुण फुकट मिळाले आणि १०१ क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे सात गुण गेले. बेरीज जुळली म्हणजे तक्ता बरोबर, ही सवयीची खात्री येथे फसवते, कारण बेरजेला आकड्यांचा क्रम कळत नाही.

मग अशी चूक पकडायची कशी?

ज्या तपासणीला क्रम कळतो ती लावायची. प्रत्येक आसनक्रमांकाला त्याच्या गुणांनी गुणायचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज घ्यायची. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी एकच सूत्र पुरते :

```
=SUMPRODUCT(A1:A4,B1:B4)
```

मूळ तक्त्यासाठी हे उत्तर ७५८३ येते आणि बिघडलेल्या तक्त्यासाठी ७६०६. शिक्षकांनी गुण भरून झाल्यावर ७५८३ हा आकडा सही केलेल्या छापील प्रतीवर लिहिला आणि लिपिकाने तक्ता पाठवण्यापूर्वी तो पुन्हा काढून पाहिला, तर ही चूक तेथेच पकडली जाईल.

या उपायाची मर्यादाही समजून घ्या. समजा कोणी १०१ आणि १०४ या दोघांना एकेक गुण वाढवला आणि १०२ व १०३ यांचा एकेक गुण कमी केला. साधी बेरीज बदलणार नाही. गुणाकारांच्या बेरजेतही १०१ आणि १०४ मिळून २०५ वाढतील, १०२ आणि १०३ मिळून २०५ घटतील, म्हणजे ७५८३ हा आकडाही तसाच राहील. अपघाताने असे घडणे दुर्मीळ आहे, पण मुद्दाम फसवणाऱ्याला ते सहज जमेल. अखंडतेचे नियंत्रण निवडताना आपण चुकीपासून रक्षण करत आहोत की लबाडीपासून, हा प्रश्न म्हणूनच आधी सोडवावा लागतो. चुकीसाठी अशी तपासणी-बेरीज पुरते. लबाडीसाठी हॅश, डिजिटल स्वाक्षरी आणि कोणी काय बदलले याची नोंद लागते.

हॅश काढला म्हणजे अखंडतेचा प्रश्न सुटला का?

हॅश म्हणजे फाइलच्या सर्व बाइटांवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने तो २५६ बिटांचा, म्हणजे पडद्यावर ६४ चिन्हांचा दिसतो. लिनक्सवर पहिली आणि विंडोजवर दुसरी आज्ञा वापरतात :

```
sha256sum marks.csv
certutil -hashfile marks.csv SHA256
```

फाइलमधील एक अंक बदलला तरी हा ठसा पूर्ण वेगळा येतो, आणि वर सांगितलेली चार गुणांची चलाखी येथे चालत नाही. मात्र तीन गोष्टी हॅश सांगू शकत नाही. पहिली, काय बदलले. दुसरी, तो बदल वाईट होता की नाही. स्प्रेडशीटमध्ये फाइल नुसती उघडून पुन्हा जतन केली आणि तिने `007` या क्रमांकाचे `7` केले, किंवा ओळीच्या शेवटची खूण बदलली, तर गुण जसेच्या तसे असूनही हॅश बदलतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तो हॅश कोणी काढला. ज्याने फाइल बदलली तोच शेजारी ठेवलेल्या मजकूर-फाइलमधील हॅशही बदलू शकतो. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगण्यासारखे ते आहे.

म्हणून हॅश वेगळ्या जागी, फाइलला हात लावता येणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेर ठेवावा लागतो. छापील प्रतीवर लिहून सही घेणे हाही त्याचाच एक चांगला मार्ग आहे. तसे जमत नसेल तर शिक्षकाने आपल्या खाजगी किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करावी. मग फाइल बदलणाऱ्याला नवा हॅश काढता येईल, पण शिक्षकाची स्वाक्षरी करता येणार नाही.

फाइल एनक्रिप्ट केली तर ती कोणाला वाचताच येणार नाही. मग ती बदलता तरी कशी येईल?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर बाइटपर्यंत जाऊन पाहू. एनक्रिप्शनच्या काही पद्धतींत, उदाहरणार्थ एईएसच्या काउंटर पद्धतीत, किल्लीपासून बाइटांची एक गुप्त माळ तयार होते आणि मूळ मजकुराच्या प्रत्येक बाइटवर तिची एक्सऑर क्रिया केली जाते; तीच क्रिया पुन्हा केली की मूळ बाइट परत मिळतो. आता १०३ क्रमांकाचे गुण `11` आहेत. त्यातील पहिल्या `1` या चिन्हाचा षोडशमान संकेतांक आहे `31`. समजा गुप्त माळेतील बाइट `97` आहे. या दोहोंचा एक्सऑर `A6` येतो आणि तोच एनक्रिप्ट झालेल्या फाइलमध्ये लिहिला जातो.

हल्लेखोराला किल्ली माहीत नाही आणि `97` ही माहीत नाही. परंतु गुण फाइलच्या कितव्या जागी आहेत आणि ते किती आहेत, याची त्याला कल्पना असू शकते. ते गुण त्याचे स्वतःचेच असतील तर नक्कीच असते. त्याला `1` चे `2` करायचे आहे. `2` चा संकेतांक `32`, आणि `31` व `32` यांचा एक्सऑर `03`. तो एनक्रिप्ट झालेल्या बाइटवर नुसता `03` चा एक्सऑर करतो :

```
A6 XOR 03 = A5
A5 XOR 97 = 32   ->  '2'
```

शिक्षक योग्य किल्लीने फाइल उघडतात, ती विनातक्रार उघडते आणि `11` च्या जागी `21` दिसतात. हल्लेखोराने एक अक्षरही वाचले नाही, म्हणजे गोपनीयता शाबूत राहिली. अखंडता मात्र गेली. गोपनीयतेचे नियंत्रण अखंडतेचे काम आपोआप करत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही कामे एकत्र करणारी पद्धत निवडणे. एईएस-जीसीएम या पद्धतीत एनक्रिप्शनबरोबरच एक पडताळणीचा टॅग तयार होतो, तो साधारणपणे १२८ बिटांचा असतो. वरीलप्रमाणे एक बाइट जरी बदलला तरी टॅग जुळत नाही आणि फाइल उलगडण्यासच नकार मिळतो. नियंत्रण निवडताना त्यावर ‘एनक्रिप्शन’ असे लिहिले आहे एवढे पाहून चालत नाही. ते कोणत्या गुणधर्माची हमी देते ते वाचावे लागते.

उपलब्धतेसाठी बॅकअप पुरेसा आहे का?

त्याआधी दोन आकडे ठरवावे लागतात. फाइल गेली तर ती किती वेळात परत हवी, आणि परत मिळालेली प्रत किती जुनी असलेली चालेल? आपल्या विभागात शिक्षक आठवड्यातून दोनदा गुण भरत असतील, तर रोज रात्री एक बॅकअप घेतला की जास्तीत जास्त एका दिवसाचे काम वाया जाईल आणि ते उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरता येईल. मात्र शेवटच्या दिवशी, जेव्हा तासातासाला नोंदी होत असतात, तेव्हा हेच वेळापत्रक अपुरे पडते. त्या दिवसापुरती दर तासाला प्रत घ्यावी.

दोन गोष्टींना बॅकअप समजण्याची चूक फार होते. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड यंत्रणा एक डिस्क जळाली तर उपयोगी पडते, पण क्रमवारीची ती चूक दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी लिहिली जाते. इंटरनेटवरील फोल्डरशी जुळवून ठेवलेली प्रतही तशीच. येथे पुसले की तेथेही पुसले जाते, आणि जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवायच्या हे ठरवलेले नसेल तर परतीचा रस्ता बंद. कालची, परवाची आणि गेल्या आठवड्यातील स्थिती वेगवेगळी परत आणता आली पाहिजे. त्यांपैकी किमान एक प्रत संगणकापासून तोडून ठेवलेली असावी, म्हणजे संगणकावर आलेले संकट तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

बॅकअप चालतो की नाही हे ओळखण्याचा मार्ग एकच आहे : तो परत आणून पाहणे. ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश बॅकअपचा प्रोग्राम चालून संपला एवढेच सांगतो. दर महिन्याला एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवावी, उघडावी, तिची तपासणी-बेरीज त्या दिवशीच्या नोंदीशी जुळवावी आणि त्याला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. येथे अखंडतेची तपासणी उपलब्धतेच्या कामी येते.

एका गुणधर्मासाठी निवडलेले नियंत्रण दुसऱ्याला मारक ठरू शकते का?

नेहमीच ठरते, आणि म्हणूनच तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून निर्णय घ्यावा लागतो. घराच्या किल्लीच्या आणखी दोन प्रती करून नातेवाइकांकडे ठेवल्या तर किल्ली हरवल्यावर घर उघडणे सोपे होते, पण घरात शिरण्याच्या वाटाही तितक्याच वाढतात. बॅकअपचेही नेमके तेच आहे. प्रत्येक नवी प्रत उपलब्धता वाढवते आणि गोपनीयता फुटण्याची एक नवी जागा तयार करते. म्हणून बॅकअप एनक्रिप्ट करायचा. आणि तो एनक्रिप्ट केला की किल्ली हरवल्यास बॅकअप असूनही नाही, हा नवा धोका येतो. मग ती किल्ली दोन जबाबदार व्यक्तींकडे, संगणकापासून वेगळी ठेवावी लागते.

दुसरे उदाहरण खाते कुलूपबंद होण्याचे. पाच वेळा पासवर्ड चुकला की खाते बंद, हा नियम पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न रोखतो. पण ज्याला शिक्षकांचे वापरकर्तानाव माहीत आहे तो शेवटच्या दिवशी मुद्दाम पाच चुकीचे पासवर्ड टाकून त्यांना बाहेर ठेवू शकतो. त्याऐवजी प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेणे आणि दुसरा पडताळणी घटक जोडणे, हे दोन्ही बाजूंना अधिक न्याय देते.

सुरक्षेचेच साधन उपलब्धता कशी घालवू शकते हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षण-सॉफ्टवेअरचे सदोष अद्यतन गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तो हल्ला नव्हता. असे अद्यतन आधी थोड्या संगणकांवर उतरवून, काही काळ पाहून मगच पुढे नेणे, हे त्यावरील नियंत्रण आहे.

इलेक्ट्रॉनिक दरवाजाचा प्रश्नही येथलाच. वीज गेली तर तो उघडा राहावा की बंद? लोक बाहेर पडण्याच्या मार्गावर तो उघडलाच पाहिजे, कारण आत माणसे अडकू शकतात. उत्तरपत्रिकांच्या कपाटाचे कुलूप मात्र वीज गेल्यावर बंदच राहिले पाहिजे. कुलूप तेच, पण काय गमावणे अधिक वाईट याचे उत्तर वेगळे.

रॅन्समवेअर हा कोणत्या गुणधर्मावरील हल्ला आहे?

फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले जातात, म्हणून पहिल्यांदा उपलब्धतेवरील. मे २०१७ मधील वॉनाक्राय हे त्याचे ठळक उदाहरण. पण आजचे अनेक हल्लेखोर कुलूप लावण्यापूर्वी फाइलींची प्रत स्वतःकडे घेतात आणि ती प्रसिद्ध करण्याची धमकी देतात. तेव्हा गोपनीयताही गेलेली असते. ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ हे उत्तर त्यातील पहिल्या अर्ध्या भागालाच लागू पडते.

तीनच गुणधर्म पुरतात का?

सर्वांचे यावर एकमत नाही. डॉन पार्कर या माहिती-सुरक्षा तज्ज्ञांनी १९९८ साली ताबा, अस्सलपणा आणि उपयुक्तता हे आणखी तीन जोडून सहा गुणधर्म मांडले. हरवलेला पण एनक्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह हे ‘ताबा’ या कल्पनेचे उदाहरण : कोणी काही वाचलेले नाही, तरी वस्तू आपल्या हातातून गेली आहे. नियंत्रण निवडण्याच्या पहिल्या पायरीसाठी मात्र तीन प्रश्न पुरतात, आणि परीक्षेतही तेच विचारले जातात.

मग शेवटी `marks.csv` साठी काय निवडायचे?

अखंडता सर्वांत वर असल्याने सुरुवात तेथून होते. `marks.csv` विषयवार वेगळी करून शिक्षकांना फक्त आपापल्या विषयाच्या फाइलमध्ये लिहिता येईल आणि लिपिकाला त्या केवळ वाचता येतील, अशा परवानग्या लावायच्या. म्हणजे अंतिम तक्ता करताना मूळ गुण हलण्याची शक्यताच राहत नाही. गुण भरून झाले की शिक्षक छापील प्रतीवर तपासणी-बेरीज आणि हॅश लिहून सही करतात. त्यानंतर बदल करायचा असल्यास दोघांची सही लागते आणि जुनी फाइल पुसली जात नाही.

गोपनीयतेसाठी स्वतंत्र खाती, आणि पेनड्राइव्हचा वापर बंद; तो टाळता येत नसेल तरच एनक्रिप्ट केलेला. उपलब्धतेसाठी रोज रात्रीची एनक्रिप्ट केलेली प्रत, आठवड्यातून एक प्रत तोडून ठेवलेल्या डिस्कवर आणि शेवटच्या दिवशी दर तासाला एक. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा दुसरा सर्व्हर या यादीत नाही, कारण वर्षातील जवळजवळ सर्व दिवस चार तासांच्या खोळंब्याने येथे कोणाचेच नुकसान होत नाही. त्या एका दिवसासाठी सही केलेली छापील प्रत आणि चार्ज केलेला एक लॅपटॉप एवढे पुरते. निकाल जाहीर झाल्यावर शिक्षकांची लिहिण्याची परवानगी काढून घ्यायची, मूळ फाइल केवळ वाचण्यापुरती ठेवायची आणि तासातासाच्या प्रती पुसून टाकायच्या, कारण आता त्यांचा उपयोग संपलेला असतो आणि त्या पडून राहिल्या तर केवळ फुटण्याच्या जागा वाढतात.